पॅनलसाठीचा बायो: दोन वर्षं रजिस्टरमधून काढायची, आठवणीतून नाही

प्रश्न: सर, मी वर्धा जिल्ह्यात एका खासगी दूध कंपनीच्या चिलिंग सेंटरवर सुपरवायझर आहे, नऊ वर्षं झाली. एरिया ऑफिसरची एक जागा निघाली आहे, अंतर्गत पॅनल बसणार. 300 शब्दांत बायो मागितला, त्यात "गेल्या दोन वर्षांतील योगदानावर भर" असं लिहिलंय. मी लिहिलं की मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, कंपनीच्या प्रगतीत माझा मोलाचा वाटा आहे. मॅनेजर साहेब म्हणाले हे जमत नाही. मग लिहायचं काय नेमकं?

उत्तर:

मॅनेजर साहेबांचं बरोबर आहे भाऊ, फक्त कारण त्यांनी सांगितलं नाही. मी चौदा वर्षं दूध संकलनात काढली, त्यानंतर एचआरमध्ये आलो, आणि अशा पॅनलवर आतापर्यंत आठ-नऊ वेळा तरी बसलो असेन. तिकडून काय दिसतं ते आधी सांगतो.

पॅनलवर साधारण चार जण असतात. एक एचआरचा, एक संकलनाचा, एक अकाउंट्सचा आणि एक दुसऱ्या झोनचा. चौघांपैकी तिघांनी तुमचं सेंटर कधी पाहिलेलंच नसतं. आठ-दहा बायो एका पाकिटात येतात आणि ते आदल्या रात्री वाचले जातात, कधी कधी नागपूरला जाताना गाडीत. एका बायोला दोन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्या दोन मिनिटांत सगळेच मेहनती, सगळेच प्रामाणिक, सगळ्यांचाच मोलाचा वाटा. "अहोरात्र", "सिंहाचा वाटा", "अथक परिश्रम" हे शब्द आले की मला चौकातलं वाढदिवसाचं बॅनर आठवतं, आणि खरं सांगतो, डोळा आपोआप खालच्या ओळीवर जातो. पेन कुठे थांबतो? जिथे आकडा आहे, महिना आहे आणि काय केलं ते सरळ लिहिलेलं आहे. तिथे आम्ही समासात प्रश्नचिन्ह टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न तिथूनच निघतो. म्हणजे बायो हा पॅनलला कशावर विचारायला लावायचं त्याचा कागद आहे असं समजा, तुमच्या हातात तेवढंच असतं.

आता सगळ्यात मोठी चूक जी दहातले आठ जण करतात. लोक आठवून लिहितात. दोन वर्षं आठवायला बसलं की गेले चार महिने आठवतात, एखादा मोठा कार्यक्रम आठवतो, साहेबांनी पाठ थोपटली ती मीटिंग आठवते, आणि रोजचं जे काम दीड वर्षापूर्वी सुधारलं ते आता सवयीचं झालेलं असतं म्हणून ते सुचतच नाही. म्हणून एक संध्याकाळ काढा, सेंटरवर बसा, आणि कागदावर 24 चौकोन आखा, महिन्याला एक. पॅनलने कालावधी दिला असेल तर तोच धरायचा, समजा एप्रिल 2023 ते मार्च 2025. मग रूट शीट, नासलेल्या दुधाची वही, मिल्क ॲनालायझरची वही, दहा-दहा दिवसांची पेमेंट बिलं आणि सेंटरचा व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं समोर घेऊन एकेक चौकोन भरा. व्हॉट्सॲप ग्रुपला कमी लेखू नका. कूलर कधी बसला, टेम्पोची वेळ कोणत्या दिवशी बदलली, लाईट कधी दोन दिवस नव्हती, याच्या तारखा तिथल्या फोटोंवरून पक्क्या सापडतात. चौकोन भरले की तुमच्या लक्षात येईल की बायोत घालण्यासारख्या तीनच गोष्टी आहेत. तीन पुरे.

एक उदाहरण देतो. आर्वीकडच्या एका सुपरवायझरचा बायो मी बसून त्याच्याकडून लिहून घेतला होता. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, पण हिशोब जसाच्या तसा आहे. त्याच्याकडे 22 गावं, रोजचं अडीच हजार लिटरच्या आसपास दूध, दोन वेळचं संकलन. पहिला मसुदा तुमच्यासारखाच. त्यात एक वाक्य मात्र होतं, "माझ्या प्रयत्नांमुळे दूध नासण्याचं प्रमाण तीन टक्क्यांवरून जवळपास शून्यावर आलं." मी म्हटलं हे कुठून काढलं, तर म्हणाला मे महिन्यात तीन होतं आणि डिसेंबरमध्ये काहीच नव्हतं.

आता हे वाक्य संकलनाच्या माणसासमोर गेलं की संपलं. मे मध्ये आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि डिसेंबरात सकाळी धार काढलेलं दूध कॅनमध्ये दुपारपर्यंत टिकतं. एका पॅनलवर असाच एक बायो आला होता तेव्हा माझ्या शेजारचे जुने साहेब हसून म्हणाले, "थंडीत तं बापा माह्या घरचंबी दूध नासत नाही, मले द्या ना प्रमोशन." त्या पोराने काम केलं होतं, खरंच केलं होतं, पण चुकीचे दोन महिने शेजारी ठेवल्यामुळे ते हवामानाचं काम ठरलं. हंगामावर चालणाऱ्या कामात नेहमी तोच हंगाम त्याच हंगामाशी लावायचा, मे ला मे आणि दिवाळीला दिवाळी. कापसाच्या जिनिंगमध्ये असाल, सोयाबीनच्या खरेदीत असाल, तरी हेच.

मग आम्ही वही काढली. मे-जून 2023 या दोन महिन्यांत एकूण संकलन 1,46,400 लिटर, त्यात नासलं 2,930 लिटर, म्हणजे बरोबर 2 टक्के. मे-जून 2024 मध्ये संकलन 1,58,600, नासलं 1,110, म्हणजे 0.7 टक्के. बघा, "तीनवरून शून्य" पेक्षा "2 वरून 0.7" हे दिसायला लहान आहे, पण त्याला कोणी हात लावू शकत नाही. आणि संकलन वाढलेलं असताना नासणं कमी झालं, हे त्यात आपोआप दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही.

पुढचा प्रश्न, केलं काय? हे त्याला सांगता येत होतं पण लिहिता येत नव्हतं. झालं असं की 2023 च्या उन्हाळ्यानंतर त्याने नासलेल्या दुधाची वही गावानुसार लावून पाहिली आणि लक्षात आलं की निम्म्याहून जास्त नासलेलं दूध पाचच गावांचं आहे. पाचही गावं रूटच्या पार टोकाला. टेम्पो सकाळी पावणेसातला आधी तिथे जायचा, त्यांचे कॅन सगळ्यात आधी चढायचे, आणि मग तेच कॅन बाकीच्या गावांतून फिरत फिरत साडेदहाला सेंटरवर. दूध धार काढल्यापासून तीन-चार तासांत 4 अंशांपर्यंत खाली यायला पाहिजे, इथे तेवढा वेळ नुसता उन्हात टेम्पोच्या पाठीवर जात होता. सेंटरवर सीओबी टेस्ट केली, म्हणजे परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात धरलं, की ते फाटायचं, आणि सगळे त्या गावच्या लोकांना बोलायचे की तुम्ही भांडी धूत नाही. भांडी धूतच होते बिचारे. त्याने 2024 च्या उन्हाळ्याआधी रूटचे दोन तुकडे केले, टोकाच्या गावांसाठी मे-जूनपुरता दुसरा छोटा टेम्पो मागितला जो थेट सेंटरवर येईल, आणि कॅनवर ओलं पोतं टाकायला लावलं. एवढंच. यात विशेष काय असं त्याला वाटत होतं म्हणून ते बायोत नव्हतं, आणि पॅनलला तर हेच पाहिजे असतं, की हा माणूस वही उघडून कारण शोधतो का.

इथे अकाउंट्सवाला जागा होतो, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या टेम्पोचे रोजचे 500 रुपये जास्तीचे, 61 दिवसांचे झाले 30,500. वाचलेलं दूध किती? 2024 मध्ये जुन्याच 2 टक्क्यांनी नासलं असतं तर 3,172 लिटर गेलं असतं, गेलं 1,110, म्हणजे 2,060 लिटरच्या आसपास वाचलं. लिटरला 30 रुपये धरले तर 62 हजार. खर्च वजा जाता साधारण 31 हजार. तो म्हणाला सर, 31 हजार लिहायला लाज वाटते, 62 लिहू का? मी म्हटलं नको बाबा, 62 लिहिलेस तर अकाउंट्सचा माणूस टेम्पोचं बिल विचारेल आणि तुझा चेहरा पडेल, 31 लिहिलेस आणि कंसात खर्च वजा जाता असं लिहिलंस तर तोच माणूस दुसऱ्या तिघांना सांगेल की याला हिशोब कळतो. एरिया ऑफिसरला चार सेंटरचा खर्च सांभाळायचा असतो, ते 31 हजार कोणी बघत नाही, वजाबाकी बघतात.

आता "मी" आणि "आम्ही" चा घोळ. आपल्याकडे मी मी करणं बरं दिसत नाही, म्हणून लोक सगळं "आपण केलं", "टीमने केलं" असं लिहितात, किंवा मग दुसऱ्या टोकाला जाऊन सगळंच स्वतःच्या नावावर. पॅनलला दोन्हीचा उपयोग नाही. एकेका क्रियापदाला त्याचा माणूस जोडायचा, बस. रूट मी बदलला, दुसऱ्या टेम्पोची मंजुरी मॅनेजर साहेबांनी दिली, वेळ दोन्ही ड्रायव्हरांनी पाळली. असं लिहिलं की तुमचा वाटा आपोआप उठून दिसतो आणि मॅनेजर साहेबांना फोन करून कोणी विचारलं तरी तेच उत्तर येतं. (विचारतात बरं का, बहुतेक वेळा विचारतात.)

याच्यातच एक बारीक गोष्ट आहे जी त्याच्या बाबतीत फार कामाची ठरली. त्याच भागात हेड ऑफिसने एक हजार लिटरचा बल्क कूलर बसवला होता. पॅनल म्हणणारच की दूध नासणं कूलरमुळे कमी झालं, तुझं काय त्यात? पण कूलर बसला ऑक्टोबर 2024 ला, व्हॉट्सॲप ग्रुपवर हार घातल्याचा फोटोच होता तारखेसकट, आणि नासणं कमी झालं ते मे-जून 2024 ला, म्हणजे कूलरच्या चार महिने आधी. बायोत त्याने फक्त "कूलर बसण्याआधी" एवढे शब्द टाकले. श्रेय कुणाचं हा वाद शब्दांनी मिटत नाही, तारखेने मिटतो. उलटंही खरं आहे, तुमची सुधारणा कूलरनंतरची असेल तर ती कूलरची आहे, तिच्यावर हक्क सांगू नका, दुसरी गोष्ट शोधा.

आणि आकडा कोणाचा, हे बघा. यात मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून सांगतो. खूप वर्षांपूर्वी, जिथे मी तेव्हा होतो तिथे, माझ्या बायोत मी लिहिलं होतं दूध नासणं 0.4 टक्के. माझ्या सेंटरच्या वहीप्रमाणे ते खरंच होतं. पॅनलच्या अध्यक्षांसमोर एमआयएसचा, म्हणजे कंपनीच्या एकत्रित आकडेवारीचा कागद होता, त्यावर 1.1 टक्के. फरक कशाचा, तर मी सेंटरवर नासलेलं तेवढंच मोजत होतो आणि एमआयएसमध्ये टँकर प्लांटवर गेल्यावर तिथे जे परत केलं जातं तेही धरलेलं असायचं. ते मला माहीतच नव्हतं. अध्यक्षांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि गप्प बसले. मी पण गप्प बसलो. त्या वर्षी जागा दुसऱ्याला गेली, आणि वाईट याचं वाटलं की अध्यक्षांनी मला खोटारडा समजलं असेल. म्हणून बायो पाठवायच्या आधी एमआयएसच्या पोराला चहा पाजा आणि तुमचे सगळे आकडे त्याच्याकडून तपासून घ्या. जुळत नसेल तर बायोत लिहा "सेंटरच्या नोंदीप्रमाणे", दोन शब्दांत काम होतं.

दुसरी गोष्ट त्याने घेतली ती फॅटच्या तक्रारींची. गावात मिल्क ॲनालायझरवर फॅट लागते 3.4 आणि माणूस म्हणतो माझ्या गायीची कधीच चारच्या खाली नव्हती, रोज सकाळी भांडण. याने काय केलं, दर सोमवारी प्रत्येक मशीनवरचे दोन नमुने सेंटरला आणून जुन्या पद्धतीने, ॲसिड टाकून गर्बरवर तपासायचे, आणि 0.1 पेक्षा जास्त फरक आला की ते मशीन कॅलिब्रेट करून घ्यायचं. तक्रार वहीत 2023-24 मध्ये 41 तक्रारी, 2024-25 मध्ये 14. छान दिसतं. पण मी त्याला विचारलं, तक्रारी कमी झाल्या की तक्रार करणारेच दुसऱ्या डेअरीला गेले? कारण हे होतं हो, माणूस चिडून दूध शेजारच्या खासगीवाल्याला घालायला लागतो आणि आपली वही स्वच्छ दिसते. पेमेंट बिलांवरून मोजलं तर दूध घालणारे 412 चे 431 झाले होते. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी टाकले. तक्रारी, गळती, गैरहजेरी असलं काहीही "कमी झालं" म्हणून लिहायचं असेल तर ते कशामुळे खोटं कमी दिसू शकतं ते आधी स्वतःला विचारायचं आणि त्याचा आकडा सोबत द्यायचा.

तिसरी गोष्ट मी त्याला मुद्दाम टाकायला लावली, ती म्हणजे फसलेली. जानेवारी 2024 मध्ये त्याने 63 जणांना सरकी ढेप उधारीवर दिली, दर दहा दिवसांच्या बिलातून कापून घ्यायची या बोलीवर. कल्पना चांगली, पण त्यातल्या 17 जणांच्या गायी वसुली व्हायच्या आत आटल्या, दूधच नाही तर बिल नाही आणि बिल नाही तर कापायचं कशातून, मार्च 2024 ला 86 हजार अडकले. मग त्याने नियम केला की आधी गाय कधी व्याली ते विचारायचं, सहा महिन्यांच्या वर गेली असेल तर उधारी नाही, कारण गाय साधारण दहा महिने दूध देते आणि शेवटी शेवटी तर कमीच देते. मार्च 2025 पर्यंत बाकी 11 हजारांवर आली. हे लिहायला तो तयारच नव्हता, म्हणे आपल्याच पायावर धोंडा कशाला. पण अडकलेले पैसे अकाउंट्सच्या कागदावर होतेच, ते त्यांनी काढण्यापेक्षा आपण काढलेलं बरं. फक्त एकच चूक, दोन-तीन ओळींत, आणि दुरुस्तीचा आकडा सोबत. ज्या चुकीची दुरुस्ती अजून झाली नाही ती बायोत नका घालू, ती तोंडी विचारली तर सांगा.

बाकी फॉर्मचं थोडक्यात. "श्री. अमुक यांनी" असं स्वतःबद्दल लिहू नका, सत्काराच्या पत्रिकेसारखं वाटतं, "मी" लिहा, फॉर्ममध्येच तसं मागितलं असेल तर वेगळं. शिक्षण एका ओळीत. दोन वर्षांआधीचं काही असेल तर तेही एका ओळीत, त्यांनी कालावधी सांगितलाय म्हणजे सांगितलाय, 2018 चा पुरस्कार वरती टाकला की वाटतं याने नंतर काही केलं नाही. छंद नको. हेड ऑफिसला इंग्रजीत पाहिजे असेल तर आधी मराठीत पक्का करा मग कोणाकडून तरी करून घ्या, आकडे मात्र स्वतः परत तपासा, भाषांतरात लिटरचे किलो झालेले मी पाहिलेत.

त्याचा शेवटचा बायो असा झाला होता:

"मी 22 गावांच्या चिलिंग सेंटरचा सुपरवायझर आहे. रोजचं संकलन सुमारे 2,500 लिटर, दूध घालणारे 431. माझ्या हाताखाली चार कर्मचारी आहेत आणि ठेक्याचा एक टेम्पो, उन्हाळ्यात दोन चालतात. एप्रिल 2023 ते मार्च 2025 मधलं माझं काम खालीलप्रमाणे.

मे-जून 2023 मध्ये आमच्याकडे 2 टक्के दूध नासलं. नोंदी गावानुसार लावल्यावर निम्म्याहून अधिक नासलेलं दूध रूटच्या टोकाच्या पाच गावांचं असल्याचं दिसलं, कारण त्यांचे कॅन जवळपास चार तास टेम्पोत राहत होते. मी रूटचे दोन भाग केले, मॅनेजर साहेबांनी उन्हाळ्यापुरता दुसरा टेम्पो मंजूर केला. मे-जून 2024 मध्ये, बल्क कूलर बसण्याआधी, हे प्रमाण 0.7 टक्के झालं. टेम्पोचा खर्च वजा जाता सुमारे 31 हजार रुपये वाचले (सेंटरच्या नोंदीप्रमाणे).

फॅटच्या तक्रारींमुळे मी दर सोमवारी प्रत्येक मशीनचे दोन नमुने गर्बरवर तपासणं सुरू केलं. तक्रारी वर्षाला 41 वरून 14 वर आल्या, त्याच काळात दूध घालणारे 412 वरून 431 झाले.

जानेवारी 2024 मध्ये मी 63 उत्पादकांना सरकी ढेप उधारीवर दिली. गाय कधी व्याली हे न विचारल्यामुळे मार्च 2024 अखेर 86 हजार रुपये अडकले. आता तारीख बघूनच उधारी देतो, मार्च 2025 अखेर बाकी 11 हजार आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2024 मध्ये शेजारच्या सेंटरचे सुपरवायझर रजेवर असताना सहा आठवडे त्यांची 13 गावंही सांभाळली. तिथेही नासलेल्या दुधाची नोंद गावानुसार ठेवायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे."

मोजून बघा, 300 च्या खूप आत आहे. शेवटचा परिच्छेद कशासाठी आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. एरिया ऑफिसर म्हणजे एकापेक्षा जास्त सेंटर, आणि "मला मोठी जबाबदारी पेलता येईल" असं म्हणण्याऐवजी त्याने ती सहा आठवडे पेलल्याचं सांगितलं. तुम्हालाही नऊ वर्षांत असं कोणाचं तरी सेंटर सांभाळावं लागलं असेलच, ते शोधा. दोन वर्षांच्या आतलं पाहिजे मात्र. तसं काही नसेल तर ओढून ताणून आणू नका, तुमच्या सेंटरवर सुरू झालेली एखादी पद्धत दुसऱ्या सेंटरने उचलली असेल तर ते चालतं.

तुमच्या बायोत दूध नासण्याचीच गोष्ट पाहिजे असं नाही हां, नाहीतर पुढच्या पॅनलवर सगळे जण रूटचे दोन तुकडे करून येतील. तुमच्या वहीत काय निघतं ते तुम्हालाच माहीत. कदाचित लाईट जाण्यावर जनरेटरच्या डिझेलचा हिशोब असेल, कदाचित एखादं बंद पडलेलं गाव परत सुरू केलेलं असेल. आणि चौकोन भरल्यावर दोन वर्षांत सांगण्यासारखी एकच गोष्ट निघाली तर एकच लिहा, पण पूर्ण लिहा. दीडशे शब्दांचा बायो दिला म्हणून कोणाचा नंबर कापलेला मी तरी पाहिला नाही.

पाठवून झालं की त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तो कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर आहे ते बाजूला लिहून ठेवा. त्या पानांची झेरॉक्स काढून फाईलला लावा, मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा नको, आमच्याकडे तरी मोबाईल बाहेरच ठेवायला लावतात. आर्वीवाल्याला खरंच विचारलं होतं की 0.7 कशावरून. त्याने फाईल उघडून जून 2024 चं पान पुढे केलं, वर दुधाचे डाग पडलेले होते, अध्यक्षांनी बोट फिरवत दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले बरं, आता ढेपीचं सांगा.